ज्याला काका नाही, त्याने मेल कुणाला करायचा?

मागच्या महिन्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या मुलांशी बोलायला गेलो होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण हे एकट्या त्या कॉलेजचं दुखणं नाही. बोलणं संपल्यावर प्लेसमेंटच्या सरांनी कौतुकाने लॅपटॉप उघडून दाखवला. एक्सेल शीट. सहाशेच्या वर कंपन्यांचे ईमेल पत्ते. "सर, कॅम्पसला यंदा कंपन्या कमी आल्या. म्हणून आम्ही मुलांना ही शीट आणि तयार मेल देतो. मुलं एका रात्रीत सगळ्यांना पाठवतात."

तो तयार मेल मी वाचला. वाचायची गरज नव्हती, पाठ आहे मला. "आदरणीय महोदय/महोदया, मी अमुक शाखेचा पदवीधर असून आपल्या नामांकित संस्थेत योग्य पदासाठी इच्छुक आहे. मी मेहनती आहे, लवकर शिकतो, टीममध्ये काम करतो. सोबत रेझ्युमे जोडला आहे." असे मेल मला आठवड्याला पंधरा-वीस येतात. चाकणला वाहनांचे सुटे भाग मशीनिंग करणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी बघतो. माणसं मोजून एकशे ऐंशी. आमची जाहिरात वर्षातून एखादी निघाली तर निघते, तरी मेल येतच असतात.

त्यांचं मी काय करतो ते खरं सांगतो. डिलीट करतो. बरेचसे न उघडताच.

आता शिव्या द्यायच्या आधी पुढचं वाचा, कारण ही पोस्ट त्या मुलांच्या विरोधात नाही. त्यांना ती शीट हातात देणाऱ्यांच्या विरोधात आहे. आणि थोडी माझ्यासारख्यांच्याही.

आधी एक गोष्ट समजून घ्या, जी कॉलेजात कुणी सांगत नाही. जागा जाहिरातीच्या दिवशी जन्माला येत नाही. आमच्याकडे कशी येते बघा. समजा माझ्या विभागातला एक मुलगा राजीनामा देणार आहे अशी कुणकुण मला लागली, किंवा नवीन पार्ट सुरू होतोय आणि तपासणीला माणूस कमी पडणार हे दिसायला लागलं. मी प्लांट हेडच्या कानावर घालतो. ते म्हणतात, "बघू पुढच्या महिन्यात." मग कधीतरी कागद वर जातो, बजेटवाले विचारतात की आहे त्या माणसांत भागत नाही का, मग मंजुरी येते, मग एचआर जाहिरात टाकतं. या सगळ्यात दोन-तीन महिने सहज जातात. जाहिरात टाकली की दोन दिवसांत शेकडो अर्ज येऊन पडतात आणि ते कुणीच नीट वाचत नाही. म्हणून जाहिरात टाकायच्या आधी एचआर मला एक प्रश्न हमखास विचारतं: "साहेब, तुमच्या बघण्यात कुणी आहे का?"

हा प्रश्न म्हणजे खरी भरती. या प्रश्नाच्या उत्तरात कुणाचा भाचा येतो, कुणाच्या सोसायटीतला मुलगा येतो, सुपरवायझरच्या गावचा पोरगा येतो. यात सगळं काही भ्रष्ट असतं असं नाही. माहितीतला माणूस बरा, एवढाच साधा हिशोब असतो. पण ज्या मुलीचा काका चाकणला नाही, तिचं नाव त्या क्षणी माझ्या डोक्यात येणार कसं? जागा जाहीर झालेली नसताना पाठवलेला मेल त्यासाठीच असतो. बिनकाकाच्या पोरांना त्या खोलीत शिरायला दुसरी वाट फारशी नाही.

आणि नेमकी तीच वाट ही एक्सेल शीट बुजवून टाकते.

कशी? त्या शीटमधले बहुतेक पत्ते `careers@` किंवा `hr@` ने सुरू होणारे. तिथे बसलेल्या माणसाकडे मंजूर जागांची यादी असते. यादीत जागा नसेल तर तुमचा मेल ठेवायला त्याच्याकडे खणच नाही. त्याला दोष देऊ नका, माझ्या विभागात पुढच्या महिन्यात काय अडणार आहे हे त्याला माहीतच नसतं. ते मला माहीत असतं. पण माझ्यापर्यंत जो मेल येतो तो सहाशे जणांना एकाच वेळी गेलेला, आणि तो तसा गेलाय हे पहिल्या ओळीत कळतं. "महोदय/महोदया" मधली ती तिरकी रेघच सांगते की मी कोण आहे हे बघायचेही कष्ट घेतलेले नाहीत. असे शंभर मेल आले की एकशे एकावा चांगला असला तरी त्याच कचऱ्यात जातो. म्हणजे शीट वाटणारे फक्त आपल्या मुलांचं नुकसान करत नाहीत, प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या दुसऱ्या मुलांचंही करतात.

आता एक प्रत्यक्ष घडलेली गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगणार नाही, कोल्हापूरकडची मुलगी एवढं पुरे. मेकॅनिकलची पदवी, मार्क साधारण. मंगळवारी सकाळी तिचा मेल आला. विषयाच्या ओळीत होतं: "कास्टिंगमधले ब्लो होल – सहा आठवड्यांच्या नोंदी आणि एक विचारणा." मेल इंग्रजीत होता, मजकूर मराठीत सांगतो.

"सर, तुमच्या कंपनीच्या वेबसाइटवर दिसलं की तुम्ही कास्टिंग बाहेरून घेता आणि मशीनिंग तुमच्याकडे करता. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सहा आठवडे रिजेक्शनची नोंद ठेवली. 1,840 कास्टिंगपैकी 97 बाद झाली, त्यात 41 ब्लो होलमुळे. या 41 पैकी 26 साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीतली होती. सुट्टीत वाळू वरून सुकते, मग सकाळी अंदाजाने पाणी जास्त मारलं जातं, असं मला वाटतं. त्या पाळीत ओलावा जास्त सापडला, पण नोंदी सहाच आठवड्यांच्या आहेत, त्यामुळे ठामपणे सांगू शकत नाही. ब्लो होल बऱ्याचदा मशीनिंग झाल्यावरच उघडं पडतं, त्यामुळे हा प्रश्न तुमच्याकडेही येत असेल असा माझा अंदाज आहे. जाहिरात नाही हे मला माहीत आहे. फोनवर पंधरा मिनिटं मिळाली तर या नोंदी दाखवायच्या आहेत, आणि तुमच्याकडे पदवीधर अप्रेंटिसची जागा असते का, हे विचारायचं आहे. नसेल तर एका ओळीत कळवलंत तरी चालेल."

खाली नाव, फोन नंबर, एक पानाचा रेझ्युमे आणि नोंदींचा एक तक्ता. बस्स.

मी का थांबलो? तिच्या हुशारीने दिपून वगैरे नाही. त्या आठवड्यात आमच्या टेबलावर हीच तक्रार पडलेली होती. ब्लो होल म्हणजे ओतकामात अडकलेल्या वायूची पोकळी. ती कातडीखाली लपलेली असते. कास्टिंग आमच्याकडे येतं, आम्ही ते मशीनवर लावतो, टूल झिजतं, वीज जाते, माणसाचा वेळ जातो, आणि शेवटच्या कटला भोक उघडं पडतं. फाउंड्रीवाला कास्टिंगचे पैसे कापून देतो, मशीनिंगचे कोण देणार? यावरून आमची पुरवठादाराशी दर महिन्याला हुज्जत असते. आणि इथे एक मुलगी, जिला यातलं काही कुणी सांगितलेलं नाही, आमच्या वेबसाइटवरच्या दोन ओळी वाचून आमचं दुखणं ओळखते.

मी दुपारी फोन केला. पहिला प्रश्न मुद्दाम खोचक विचारला, "ओलावा मोजलास कसा? की तिथल्या माणसाने सांगितला तो आकडा लिहिलास?"

"नाही सर. 50 ग्रॅम वाळू घ्यायची, 105 ते 110 अंशांवर वाळवायची, वजन कमी व्हायचं थांबलं की फरक काढायचा. पहिल्या आठवड्यात नमुना उघड्या पिशवीत नेत होते, तेवढ्यात तो सुकायचा. ते आकडे मी वगळलेत."

या शेवटच्या वाक्यावर माझा निम्मा निर्णय झाला. आपली चूक कुठे झाली आणि ती कशी पकडली, हे सांगणारा माणूस क्वालिटीत लागतो. मेहनती आणि टीम प्लेअर असल्याचं प्रत्येक जण लिहितो, ते तपासायला काही साधन नाही. वाळूचा ओलावा कसा मोजला हे दोन मिनिटांत तपासता येतं. मेलमध्ये लिहायचं ते असं, ज्यावर समोरचा उलटा प्रश्न विचारू शकेल.

आणि तिने नोकरी मागितली नव्हती, हेही बघा. नोकरी मागितली असती तर मला खरंच "जागा नाही" म्हणावं लागलं असतं, आणि ते खोटं नसतं. तिने पंधरा मिनिटं मागितली, जी द्यायला मला कुणाची मंजुरी लागत नाही. आणि अप्रेंटिसबद्दल विचारलं, ज्याची मंजुरी कायद्यानेच दिलेली आहे.

हा मुद्दा नीट सांगतो, कारण कॉलेजांच्या त्या शीटमध्ये हा कुठेच नसतो. अप्रेंटिसशिप कायदा 1961 चा आहे. त्याचे नियम 2019 मध्ये बदलले, त्यानुसार 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, आणि त्यांची संख्या एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्क्यांत असावी लागते. या मोजणीत कंत्राटी माणसंही धरतात. आमचे 180 धरले तर अडीच टक्के म्हणजे साडेचार. त्या वेळी आमच्याकडे होते तीन. पदवीधर आणि डिप्लोमावाल्यांसाठी केंद्राची NATS ही योजना आहे, तिच्यात 2019 च्या नियमांनी पदवीधराला महिन्याला किमान 9,000 रुपये विद्यावेतन ठरवलं आणि त्या किमान रकमेतला निम्मा वाटा सरकार उचलतं.

म्हणजे "आमच्याकडे जागा नाही" म्हणणाऱ्या कंपनीत कायद्याने रिकामी असलेली जागा बऱ्याचदा असते, फक्त ती कुणी मोजलेली नसते. मीही मोजली नव्हती. तिचा मेल आला म्हणून एचआरकडे गेलो. तिथे आधी नेहमीचं "साहेब, हेडकाउंट बंद आहे" झालं. मी म्हटलं, अप्रेंटिस हेडकाउंटमध्ये धरता का? नाही. मग कायद्याप्रमाणे किती हवेत? यावर शांतता. पाच आठवडे कागद फिरला आणि ती रुजू झाली.

यातलं गोड तेवढंच सांगितलं तर मीही त्या शीटवाल्यांच्या पंगतीला बसेन. नऊ हजारांत चाकणला राहणं म्हणजे काय ते मला कळतं. कॉट बेसिसची खोली आणि डबा यातच बरेचसे संपतात. अप्रेंटिसशिप संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नसतं. आमच्याकडेही वर्ष संपलं तेव्हा जागा निघाली नाही, मी भांडूनही निघाली नाही. मग मी आमच्या एका फाउंड्री पुरवठादाराला फोन केला. तिथे ती आज वाळू आणि रिजेक्शन दोन्ही बघते, पगारावर. म्हणजे शेवटी ओळखच लागली की, असं कुणी म्हणेल. हो, लागली. पण ती ओळख तिने एका मेलपासून स्वतः कमावली.

आता माझी चूक कबूल करतो. ती रुजू झाल्यावर सहज तिचं नाव इनबॉक्समध्ये शोधलं. चार महिने आधीचा आणखी एक मेल सापडला, डिलीट केलेल्यांत. "आदरणीय महोदय/महोदया." तोच कॉलेजचा साचा. तिला दाखवला तर हसली आणि म्हणाली, "सर, तो मी दोनशे ठिकाणी पाठवला होता. एकाही ठिकाणाहून उत्तर नाही. मला वाटलं, माझ्यातच काही नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मुलगी तीच, प्रोजेक्ट तोच, मार्क तेच. फाउंड्रीत सहा आठवडे वाळू वाळवणारी ही पोर चार महिने स्वतःला नालायक समजत होती, कारण तिला दिलेल्या मेलमध्ये ती वाळू कुठेच नव्हती. साच्याने तिच्यातलं जे वेगळं होतं तेच खरवडून काढलं होतं. आणि उत्तर न देणाऱ्या दोनशे जणांत मीही होतो.

दुसरा मेल कसा केलास विचारलं, तर तिने सांगितलेलं सोपं आहे. दोनशेऐवजी बारा कंपन्या निवडल्या. सगळ्या अशा, ज्या कास्टिंग विकत घेतात. कारण तिच्याकडे सांगण्यासारखं कास्टिंगबद्दलच होतं. मग कंपनीच्या बोर्ड नंबरवर फोन करून विचारलं, "क्वालिटीचे प्रमुख कोण आहेत, त्यांना एक मेल पाठवायचा आहे." सात ठिकाणी नाव मिळालं, तीन ठिकाणी पत्ताही. बाकीचे लिंक्डइनवर शोधले. एका दिवशी दोनच मेल लिहिले. आठ-दहा दिवसांनी उत्तर नाही आलं तर त्याच मेलखाली दोन ओळींची एकच आठवण. त्यानंतर गप्प. बारापैकी चार उत्तरं आली, दोन नकाराची, एक "पुढच्या वर्षी बघू" आणि एक माझं.

आठ जणांनी उत्तर दिलंच नाही, हे विसरू नका. हा मार्ग सगळीकडे चालत नाही हेही सांगतो. सरकारी आणि सार्वजनिक कंपन्यांत भरती जाहिरातीनेच आणि परीक्षेनेच होते, तिथे साहेबाला मेल करून काही उपयोग नाही आणि नसावाही. मोठ्या आयटी कंपन्या फ्रेशर एकगठ्ठा, ठरलेल्या चाळणीतून घेतात. तिथल्या मॅनेजरच्या हातात एक फ्रेशर घेणंही बऱ्याचदा नसतं. हा मेल चालतो तो मधल्या कंपन्यांत, जिथे विभागप्रमुख एचआरच्या टेबलापाशी चालत जाऊ शकतो. आणि कुणाकडून लगेच "निवड झाली, नोंदणीचे दोन हजार भरा" असं उत्तर आलं तर तो चोर आहे. खरी कंपनी कामावर घ्यायला पैसे मागत नाही.

तर प्लेसमेंटवाल्या सरांना माझं जाहीर सांगणं आहे. ती शीट बंद करा. मला कळतं की तुमच्यावर दबाव आहे, वर आकडा दाखवावा लागतो, "सहाशे कंपन्यांशी संपर्क" हे अहवालात चांगलं दिसतं. पण त्या एका रात्रीच्या मेलवर्षावातून एक तरी मुलगा कुठे लागला का, याची नोंद ठेवली आहे का? मी त्या दिवशी विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही. त्याऐवजी शेवटच्या सेमिस्टरला प्रत्येक मुलाला एक प्रश्न विचारा: तू काय मोजलंस, काय बनवलंस, काय दुरुस्त केलंस, आणि ते कुणाच्या उपयोगाचं आहे? उत्तर नसेल तर दोष मेलचा नाही, प्रोजेक्ट विकत आणू देणाऱ्या तुमच्या विभागाचा आहे. हे बोचेल, पण डेक्कनपासून कात्रजपर्यंत तयार प्रोजेक्टची दुकानं कुणाच्या जिवावर चालतात हे सगळ्यांना माहीत आहे.

आणि माझ्यासारख्या खुर्चीत बसलेल्यांनाही. आपण ओरडतो, "चांगली पोरं मिळत नाहीत." मिळतात हो, पण आपण मेव्हण्याला विचारून शोधतो. साच्यातला मेल डिलीट करा, माझी हरकत नाही. पण ज्याने आपलं काम बघून, नाव शोधून, चार ओळी स्वतःच्या लिहिल्यात, त्याला एका ओळीचं उत्तर द्यायला किती वेळ लागतो? "सध्या जागा नाही, नोंदी चांगल्या आहेत." बारा सेकंद. तेवढ्यावर एखादी पोर पुढचे चार महिने स्वतःला नालायक समजायची थांबते. आणि जमलं तर एकदा एचआरला विचारा, अडीच टक्क्यांच्या हिशोबाने आपल्याकडे किती अप्रेंटिस हवेत आणि किती आहेत.

पोरांनो, कमेंटमध्ये रेझ्युमे टाकू नका, मी एचआर नाही. तुमचा मेल टाका, नावं आणि नंबर काढून. रविवारी बसून जमतील तेवढे वाचतो आणि कुठे अडतंय ते लिहितो.

त्या प्लेसमेंटच्या सरांना टॅग करत नाही. पण तुमच्या कॉलेजच्या ग्रुपवर ही पोस्ट टाकायला माझी परवानगी मागायची गरज नाही.